फिजिओचा अर्ज मुख्याध्यापकांच्या टेबलावर

शाळेच्या क्रीडा अकादमीने ‘फिजिओथेरपिस्ट पाहिजे’ अशी जाहिरात दिली की आठवड्याभरात अर्जांचा गठ्ठा जमतो. तो चाळायला मुख्याध्यापक, संस्थेचे एखादे विश्वस्त आणि क्रीडाशिक्षक बसतात. कधीकधी या व्यवसायातला माणूस जवळ असावा म्हणून आमच्यापैकी कोणाला तरी बोलावतात. गठ्ठ्यातली बहुतेक पत्रे जुळी भावंडे असतात. आधी खेळाची लहानपणापासूनची आवड, मग पदवी, मग केलेल्या कोर्सेसची रांग. टेपिंग, कपिंग, ड्राय नीडलिंग, एखादे परदेशी प्रमाणपत्र. शेवटी ‘संधी दिल्यास तिचे सोने करीन’. मुख्याध्यापकांना त्यातले निम्मे शब्द कळत नाहीत. मला सगळे कळतात, तरीही हा माणूस तेरा वर्षांच्या मुलाला मैदानावर कसा तपासेल, हे त्यातून कळत नाही.

मुळात ही नोकरी काय आहे, हे आधी पाहू. एखाद्या निवासी शाळेत कबड्डी, खो-खो, कुस्ती, अ‍ॅथलेटिक्स आणि क्रिकेट मिळून शंभर-सव्वाशे मुले असतात. फिजिओ एकच. दोन पलंगांची खोली, त्यात शेक द्यायचे एखादे यंत्र. सकाळी दोन तास आणि संध्याकाळी दोन तास सराव. व्यावसायिक संघात एका फिजिओच्या वाट्याला जेमतेम पंधरा-वीस खेळाडू येतात आणि ते सगळे वाढ पूर्ण झालेले असतात. शाळेतला खेळाडू वाढत असतो आणि सगळा फरक तिथे आहे. मुलींची उंची साधारण 12व्या वर्षाच्या आसपास सर्वांत वेगाने वाढते, मुलांची 14व्या वर्षाच्या आसपास. त्या काळात लांब हाडांच्या टोकांजवळ कूर्चेची एक पट्टी असते, तिला आम्ही ग्रोथ प्लेट म्हणतो. हाड तिथून वाढते आणि त्या वयात तीच सगळ्यात कमजोर जागा असते. मोठ्या माणसाचा पाय मुरगळला की अस्थिबंध ताणला जातो. मुलाचा मुरगळला की त्या पट्टीलाही इजा झालेली असू शकते. म्हणून मोठ्यांवर दहा वर्षे काम केलेला माणूस शाळेत पहिल्याच आठवड्यात चुकू शकतो.

या लेखासाठी मी एक पत्र नमुना म्हणून रचले आहे. अर्जदार, शाळा आणि पत्रातला मुलगा कल्पित आहेत. दुखापती मात्र प्रत्येक अकादमीत भेटतात त्याच. पत्राची सुरुवात अशी:

‘माननीय मुख्याध्यापिका यांस, आपल्या शाळेच्या क्रीडा अकादमीतील फिजिओथेरपिस्ट पदासाठी हा अर्ज करीत आहे. मी फिजिओथेरपीची पदवी आणि क्रीडा फिजिओथेरपीत पदव्युत्तर शिक्षण घेतले आहे. राज्य परिषदेचा माझा नोंदणी क्रमांक आणि नोंदणीची मुदत सोबतच्या प्रतीवर आहे. गेली काही वर्षे मी एका जिल्हा क्रीडा संकुलात 10 ते 17 वयोगटातल्या खेळाडूंबरोबर काम करीत आहे.’

एवढेच. शिक्षणाला चार ओळी पुरतात, बाकीचे बायोडेटात असतेच. यातली कामाची गोष्ट नोंदणी क्रमांकाची. मालिश आणि व्यायाम शिकवणारे अनेकजण स्वतःला फिजिओ म्हणवतात, त्यांचे बिंग एका क्रमांकाने फुटते. शाळेने तो पडताळून पाहावा. दुसरी कामाची गोष्ट म्हणजे वयोगट. ‘खेळाडूंबरोबर काम’ एवढेच लिहिणारे पुष्कळ असतात. वय लिहिणाऱ्याला ते लिहिण्याचे कारण माहीत असते.

यानंतरचा परिच्छेद पत्राचा प्राण आहे. अर्जदार स्वतःचे गुण सांगत बसत नाही, एक प्रसंग सांगतो.

‘साडेतेरा वर्षांचा एक उजव्या हाताचा वेगवान गोलंदाज कंबर धरते म्हणून माझ्याकडे आला. दुखणे डावीकडे, पट्ट्याच्या रेषेत. पुढचा पाय आपटताना आणि मागे वाकताना वाढायचे, पुढे वाकताना नाही. पायात मुंग्या नव्हत्या. मी त्याच्या आधीच्या तीन आठवड्यांतले चेंडू मोजले. निवडीच्या शिबिराआधी तो आठवड्याला 120 चेंडू टाकत होता. शिबिर सुरू झाल्यावर शाळेच्या नेटमध्ये तीन दिवस 36, क्लबच्या नेटमध्ये दोन दिवस 48 आणि रविवारच्या सामन्यात 8 षटके. एकूण 252. दोन्ही प्रशिक्षकांना फक्त आपापले चेंडू माहीत होते. मी त्याची गोलंदाजी त्याच दिवशी थांबवली आणि पालकांना अस्थिरोगतज्ज्ञांकडे पाठवले. एक्स-रे स्वच्छ आला. एमआरआयमध्ये कंबरेच्या पाचव्या मणक्याच्या डाव्या बाजूला हाडावर ताण दिसला. तो जिल्हा निवडीला मुकला. तीन महिने गोलंदाजी बंद, मग उभ्याने, मग छोट्या रन-अपने एक दिवसाआड 24 चेंडू. पाचव्या महिन्यात तो सामना खेळला.’

या परिच्छेदात काय काय आहे, ते जरा सावकाश पाहण्यासारखे आहे. उजव्या हाताचा गोलंदाज चेंडू सोडताना डावा पाय रोवतो आणि त्याच वेळी कंबर मागे आणि बाजूला वाकवून वळवतो. मणक्याच्या मागच्या कमानीत हाडाचा एक अरुंद पूल असतो. हा सगळा भार, बहुतेकदा डाव्या बाजूला, त्या पुलावर येतो. हाड भाराने झिजते आणि विश्रांतीत भरून येते. भार भरून येण्याच्या वेगापुढे गेला की आधी हाडाला सूज, मग बारीक चीर आणि शेवटी तुकडा. दोन्ही बाजूंना चीर पडली तर मणका पुढे सरकण्याचाही धोका असतो. सुरुवातीच्या काळात साधा एक्स-रे हे दाखवत नाही. ‘एक्स-रे नॉर्मल आहे, स्नायू भरलाय, शेक घे’ असे सांगून मुलाला पुन्हा नेटमध्ये पाठवणे ही या दुखण्यातली सर्वांत नेहमीची चूक आहे. मुलाला दोन दिवस बरे वाटते, कारण दोन दिवस त्याने चेंडू टाकलेला नसतो. मग पुन्हा दुखते.

एका पायावर उभे करून मागे वाकायला लावायची एक चाचणी आहे, ती बहुतेक फिजिओ करतात. पण तेवढ्यावर निदान होत नाही. तिच्यात न दुखणाऱ्या मुलाचेही हाड तडकलेले असू शकते. पत्रात अर्जदाराने त्या चाचणीचे नाव घेऊन फुशारकी मारलेली नाही. वय, खेळ, दुखण्याची बाजू आणि चेंडूंचा हिशेब एवढ्यावर त्याने मुलाला पुढे पाठवले, हे मला आवडते.

चेंडूंच्या हिशेबाबद्दल थोडे आणखी. इंग्लंडच्या क्रिकेट मंडळाने लहान वेगवान गोलंदाजांसाठी वर्षानुवर्षे वयानुसार मर्यादा वापरल्या. 13 वर्षांपर्यंतच्या मुलाला एका स्पेलमध्ये 5 षटके आणि दिवसात 10, असे त्यांचे स्वरूप. पत्रातल्या मुलाने त्यातली दिवसाची मर्यादा कधीच मोडली नव्हती, कारण त्याच्या सगळ्यात कष्टाच्या दिवशी त्याने 8 षटके टाकली होती. घात केला तो आठवड्याने: 120 वरून 252, म्हणजे दुपटीहून अधिक, तेही तीन आठवड्यांत. आपल्याकडे शाळा, क्लब आणि जिल्हा असे तीन तंबू एकाच मुलाला खेळवतात आणि तिघांचे वह्या-रजिस्टर वेगळे असते. शाळेतला फिजिओ हाच एक माणूस असा असतो, जो मुलाला रोज पाहतो आणि तिन्हीकडचे चेंडू एका कागदावर आणू शकतो. त्याला यंत्र लागत नाही, वही लागते.

आणखी एक गोष्ट चटकन लक्षात येत नाही. पत्रात मुलाचे नाव नाहीच, पण गाव, जिल्हा, क्लब, निवडीचे वर्ष यांपैकीही काही नाही. तालुक्याच्या ठिकाणी ‘पाठीच्या दुखण्याने जिल्हा निवडीला मुकलेला तेरा वर्षांचा वेगवान गोलंदाज’ एवढे वर्णन आणि एक गावाचे नाव असेल तर सगळा तालुका मुलाला ओळखतो. अर्जात जो दुसऱ्याच्या मुलाची ओळख उघडी करतो, तो उद्या तुमच्या शाळेतल्या मुलांचीही करणार. काही अर्जदार मोबाइलमधले ‘आधी-नंतर’ फोटो जोडतात. असे अर्ज मी तरी बाजूला ठेवायला सांगतो.

पुढचे वाक्य पत्रात एकटेच येते: ‘गुडघा दुखतो म्हणून आलेल्या मुलाचा मी खुबाही तपासतो.’ मुख्याध्यापिकांना ते अनाकलनीय वाटेल. ते समितीतल्या जाणकारासाठी आहे. वाढत्या मुलांचा गुडघा दुखण्याचे नेहमीचे कारण साधे असते. गुडघ्याखाली नडगीच्या हाडावर जो उंचवटा असतो, तिथे मांडीच्या पुढच्या स्नायूचा पट्टा जोडलेला असतो. उड्या आणि धावण्याने तो पट्टा वाढत्या हाडाला सतत ओढतो, उंचवटा सुजतो, दाबला की दुखतो. बॉस्टनचे ऑसगुड आणि झुरिकचे श्लाटर या दोन डॉक्टरांनी 1903 मध्ये त्याचे वर्णन केले. मुले त्यातून वाढ संपेपर्यंत बरी होतात. खेळणे बंद करायची गरज सहसा पडत नाही, उड्या आणि धावणे कमी करावे लागते.

पण मधूनच असा मुलगा येतो, थोडा जाड, अकरा ते पंधराच्या मधला, जो गुडघ्याकडे बोट दाखवतो आणि गुडघ्यात काहीच सापडत नाही. तो किंचित लंगडतो, पाय बाहेर वळवून चालतो. पाठीवर झोपवून खुबा वाकवला की मांडी आपोआप बाहेरच्या बाजूला जाते, आत वळवू म्हटले तर वळत नाही. त्याच्या मांडीच्या हाडाचा गोळा ग्रोथ प्लेटपाशी सरकू लागलेला असतो, आणि खुब्याची वेदना मज्जातंतूच्या वाटेने गुडघ्यात जाणवत असते. त्या मुलाला व्यायाम शिकवायचा नसतो. त्याला पायावर भार टाकू न देता त्याच दिवशी रुग्णालयात न्यायचे असते, कारण आणखी सरकला तर गोळ्याचा रक्तपुरवठा तुटू शकतो. शस्त्रक्रियेत स्क्रू घालून तो जागेवर धरावा लागतो. असा मुलगा अकादमीत कधीतरीच येतो. पण तो आला त्या दिवशी कुणी गुडघ्याला टेप लावून त्याला मैदानात सोडला, तर त्याची किंमत तो आयुष्यभर मोजतो.

पत्रातला पुढचा प्रस्ताव स्वस्त आणि नीरस आहे, म्हणूनच विश्वासार्ह वाटतो. ‘दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी सकाळी सर्व मुलांची उंची अनवाणी मोजून नोंदवीन.’ सकाळी का? माणूस दिवसभरात मणक्यांमधल्या चकत्या दबल्यामुळे सुमारे एक सेंटिमीटर बुटका होतो. एक महिना सकाळी आणि पुढचा महिना संध्याकाळी मोजले तर मूल आक्रसल्यासारखे दिसेल. एका महिन्याचा फरक मोजण्याच्या चुकीतच बुडून जाऊ शकतो, म्हणून तीन महिन्यांची बेरीज पाहायची. तीन महिन्यांत दोन सेंटिमीटरच्या आसपास किंवा जास्त वाढ दिसली तर मुलगा जोरदार वाढीच्या काळात शिरला असे धरायचे. या काळात हाडे आधी लांब होतात, स्नायू मागून येतात. कालपर्यंत सहज झेल घेणारा मुलगा आज अडखळतो. प्रशिक्षकाला तो आळशी वाटतो आणि तो जास्तीच्या फेऱ्या मारायला लावतो. उंचीचा तक्ता हातात असेल तर फिजिओ सांगू शकतो की याच्या उड्या आणि वेगवान धावणे पुढचे काही आठवडे कमी ठेवा, त्याऐवजी तोल आणि तंत्र घ्या.

एका वर्गातली दोन तेरा वर्षांची मुले हाडांच्या वयाने दोन-तीन वर्षांनी वेगळी असू शकतात. क्रिकेट मंडळ 16 वर्षांखालच्या मुलांच्या मनगटाचा एक्स-रे काढून हाडांचे वय पाहते, ते खोटे जन्मदाखले पकडण्यासाठी. उंचीच्या तक्त्याचा हेतू तो नाही. अकादमीच्या फिजिओने वयाचा पोलीस होऊ नये असे माझे मत आहे, कारण मग मुले त्याच्यापासून दुखणे लपवतात.

आता पत्रातला अवघड परिच्छेद. नोकरी मागणारा माणूस अटी घालतो तेव्हा वाचणाऱ्याच्या भुवया उंचावतात, पण या अटी आधीच लिहिलेल्या बऱ्या.

‘जखमी मुलाने खेळावे की नाही, हा वैद्यकीय निर्णय डॉक्टर आणि माझा राहील, निवड कोणाची करायची, हा प्रशिक्षकांचा. डोक्याला मार लागून चक्कर, उलटीची भावना किंवा गोंधळ झालेला मुलगा त्या दिवशी परत मैदानात जाणार नाही, सामना कोणताही असो. मुलाचे दुखणे मी पालकांना पूर्ण सांगेन. प्रशिक्षकांना तो काय करू शकतो आणि काय नाही, एवढे सांगेन.’

शेवटचे वाक्य अनेक क्रीडाशिक्षकांना खुपते. ‘माझ्या मुलांबद्दल मला माहीत नको?’ असे ते विचारतात, आणि त्यांचा मुद्दा अगदीच चुकीचा नसतो, कारण वसतिगृहात रात्री अकरा वाजता मुलाजवळ तेच असतात. तरीही वाटणी हवीच. चौदा वर्षांच्या धावपटू मुलीची पाळी काही महिने आलेली नाही, ती पुरेसे खात नाही आणि तिच्या नडगीत हाडावर ताण आला आहे, या तिन्हींचा एकमेकांशी संबंध आहे. शरीराला वाढ आणि सराव दोन्ही पुरेल इतके अन्न मिळाले नाही की ते आधी पाळी थांबवते आणि हाडांची भरपाई कमी करते. हे तिच्या आईवडिलांना आणि डॉक्टरांना कळले पाहिजे. प्रशिक्षकांना ‘सहा आठवडे धावणार नाही, पोहेल आणि सायकल चालवेल’ एवढे पुरते. बाकीचे कळेल अशी तिला शंका आली तर ती पुढच्या वेळी सांगायलाच येणार नाही.

डोक्याच्या मारावर वाद घालायला जागाच नाही. कबड्डीत गुडघा डोक्यात बसतो, मूल उठते, ‘ठीक आहे सर’ म्हणते. त्या उत्तरावर विसंबून चालत नाही, कारण ते ज्या मेंदूने द्यायचे त्यालाच मार लागलेला असतो. उपांत्य सामन्यात हा निर्णय घेणे जड जाते, म्हणून तो जूनमध्ये कागदावर यायला हवा. पत्रात तो आहे, म्हणजे मुलाखतीत समितीला विचारता येते: आमच्या सरांनी ऐकले नाही तर तुम्ही काय कराल?

मुलांच्या सुरक्षेबद्दल पत्रात मोजक्या ओळी आहेत आणि त्या पुरेशा आहेत. उपचाराच्या खोलीचे दार उघडे राहील. तपासणीच्या वेळी दुसरा प्रौढ माणूस हजर असेल, मुलींसाठी शिक्षिका किंवा परिचारिका. कोणत्या भागाला हात लावणार हे आधी सांगून मुलाची संमती घेतली जाईल. पालकांची लेखी संमती प्रवेशाच्या वेळी घेतली जाईल. अत्याचाराची शंका आली तर 2012च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना किंवा बालपोलीस पथकाला कळवीन. हा कायदा शंका दडवणाऱ्यालाही शिक्षा करतो आणि ‘आधी संस्थेला सांगितले होते’ म्हणून सुटता येत नाही. अर्जदार सोबत पोलीस पडताळणीचा दाखला जोडतो. शाळेने तो मागण्याआधी जोडलेला असला की वाचणाऱ्यालाही बरे वाटते. तालमीत मालिशची जुनी रीत आहे, तिथे दार उघडे ठेवण्याचा नियम नवख्याला अवघडल्यासारखा वाटतो. पण तो फिजिओच्याही संरक्षणाचा आहे.

पत्रात काही गोष्टी मुद्दाम नाहीत. ‘दुखापती निम्म्यावर आणीन’ असे वचन नाही. पहिल्या वर्षी नोंद नीट ठेवली तर दुखापतींचा आकडा उलट वाढलेला दिसतो, कारण आधी कोणी लिहूनच ठेवत नव्हते. विश्वस्तांना हे आधी सांगून ठेवले नाही तर मार्चमध्ये फिजिओवर बालंट येते. नमुना पत्रात त्यासाठी एक ओळ आहे: ‘पहिल्या वर्षाचा आकडा तुलनेसाठी धरावा, यशासाठी नाही.’ महागड्या यंत्रांची मागणीही नाही. अल्ट्रासाऊंडचे यंत्र आणि विजेचे शेक यांवर पालकांची श्रद्धा असते, पण बहुतेक मुलांना सराव कमी करणे आणि ठरावीक व्यायाम यांचाच उपयोग होतो. अर्जदार मागतो ते एवढेच: भिंतीवर उंची मोजायची पट्टी, वजनकाटा, नोंदी कुलपात ठेवायला कपाट, जवळच्या रुग्णालयापर्यंत गाडी, आणि आठवड्यातून एकदा सगळ्या प्रशिक्षकांबरोबर अर्धा तास.

पत्राचा शेवट: ‘मुलाखतीपूर्वी एका संध्याकाळी मैदानावर येऊन सराव पाहण्याची परवानगी मिळावी. त्या दिवशी मी कोणालाही तपासणार नाही.’ ही परवानगी द्यावी, असे मी त्या मुख्याध्यापिकांना सांगेन. मैदानाच्या कडेला उभा राहून हा माणूस वहीत काय लिहितो ते क्रीडाशिक्षकांनी नंतर मागून पाहावे. मुलांची नावे लिहिली असतील तर एक प्रश्न विचारावा. कबड्डीचे मैदान किती टणक आहे, कोणत्या गटाने वॉर्मअप टाळला, कोण पाय बाहेर वळवून चालतो, असे काही लिहिले असेल तर मुलाखत लांबवावी आणि पगाराचे बोलणे त्याच बैठकीत करावे.